हसा, तुम्ही कॅमेऱ्यात आहात. आणि पुढे?

आमच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की समोरच एक पिवळा स्टिकर दिसतो. त्यावर कॅमेऱ्याचं चित्र, एक हसरा चेहरा आणि खाली एक ओळ आहे: ‘हसा, तुम्ही कॅमेऱ्यात आहात.’ चार वर्षं मी रोज त्याच्यासमोरून गेलो आणि एकदाही थांबून तो वाचला नाही. मागच्या वर्षी एका प्रकरणात लक्षात आलं की थांबून वाचलं असतं तरी काही कळलं नसतं. कॅमेरा कुणाचा, तो कशासाठी बघतोय, बघितलेलं किती दिवस ठेवतोय आणि त्यात दिसणाऱ्या माणसाला काय मागता येतं, यातलं काहीच त्यावर नाही.

प्रकरण आमच्या मजल्यावरच्या मावशींचं आहे. ऑफिसात साफसफाई करणाऱ्या सगळ्याच बायकांना आपण मावशी म्हणतो आणि बहुतेकींचं नाव आपल्याला ठाऊक नसतं, तशाच ह्या. त्या कंत्राटदाराच्या पगारावर होत्या. एका शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी डेस्कवरून महागडे इअरबड्स गेले. सोमवारी कंत्राटदाराच्या सुपरवायझरने मावशींना बाजूला घेऊन सांगितलं, “कॅमेऱ्यात तुम्ही त्या टेबलापाशी दिसताय.” पुढे दोन आठवडे ‘चौकशी चालू आहे’ एवढंच त्यांच्या कानावर येत राहिलं. मग एक दिवस कॉफी मशीनपाशी त्यांनी मला विचारलं, “दादा, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? ते पूर्ण रेकॉर्डिंग बघायला मिळेल का? मी टेबल पुसून गेल्यावर तिथे कोण कोण आलं ते तरी दिसेल.”

प्रश्न साधा आणि अगदी मुद्द्याचा होता. मी ॲडमिनला ईमेल केला. तो दिवस घटनेपासून एकोणिसावा होता. उत्तर आलं की त्या तारखेचं फुटेज आता उपलब्ध नाही. मी म्हटलं, पॉलिसीत तर तीस दिवस लिहिलंय. ॲडमिनच्या माणसालाही नवल वाटलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही खरंच तीसच दिवस वाटत होते.

पण शुक्रवारच्या संध्याकाळचे चाळीस सेकंद शिल्लक होते. ते सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये होते. कुणीतरी मॉनिटरच्या स्क्रीनचं मोबाइलने शूटिंग करून त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. त्या चाळीस सेकंदांत मावशी टेबल पुसतात आणि पुढे जातात. हात कुठे जातो ते दिसत नाही, कारण मध्ये खुर्ची आहे. आरोप करणाऱ्याला हवं तेवढं चित्रण राहिलं होतं, आणि आरोप झालेल्या बाईला हवं होतं ते पुसलं गेलं होतं. महिनाअखेरीस कंत्राटदाराने त्यांना दुसऱ्या साइटवर पाठवलं. इअरबड्स कुणी घेतले हे मला आजही माहीत नाही आणि आता ते कुणालाच कळणार नाही.

तीस दिवस कुठे गेले?

सवयीने मी आधी बग शोधायला गेलो. आयटी सपोर्टच्या मित्राबरोबर सर्व्हर रूममध्ये जाऊन रेकॉर्डर पाहिला. सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा तो डबा, म्हणजे एनव्हीआर. त्यात 6 टीबीच्या चार डिस्क, म्हणजे एकूण 24 टीबी जागा. कॅमेरे 32. प्रत्येक कॅमेरा सेकंदाला 4 मेगाबिट या दराने चोवीस तास लिहितो. डिस्क भरली की रेकॉर्डर थांबत नाही, सर्वांत जुना दिवस पुसून त्यावर नवा लिहितो. मग हिशेब शाळेतल्या भागाकाराचाच उरतो:

```
4 Mbps x 86,400 s / 8 = 43,200 MB = 43.2 GB
24,000 GB / (20 x 43.2 GB) = 27.8
24,000 GB / (32 x 43.2 GB) = 17.4
```

पहिली ओळ म्हणजे एका कॅमेऱ्याचा एक दिवस. दुसरी ओळ ऑफिस सुरू झालं तेव्हाची आहे, तेव्हा कॅमेरे 20 होते. जवळजवळ अठ्ठावीस दिवस मावत होते आणि कुणीतरी ते ‘तीस’ असे पॉलिसीत लिहिले. नंतर शेजारचा भाग भाड्याने घेतला, 12 कॅमेरे वाढले, पण डिस्क वाढवायचं कुणाला सुचलं नाही. तिसरी ओळ ही आजची स्थिती. मुदत अठ्ठावीस दिवसांवरून सतरावर आली आणि हा निर्णय कुणीच घेतला नव्हता. ना एचआरने, ना ॲडमिनने, ना कॅमेरे बसवणाऱ्या व्हेंडरने. तो भागाकाराने घेतला. मावशींचा प्रश्न त्या भागाकाराच्या दोन दिवस उशिरा आला होता.

तुमच्या ऑफिसातही बहुधा असंच असेल. तपासायला इंजिनिअर असावं लागत नाही. रेकॉर्डरच्या प्लेबॅकमध्ये कॅलेंडर असतं आणि ज्या तारखांचं चित्रण आहे त्या ठळक दिसतात. सर्वांत जुनी ठळक तारीख बघायची. तीच खरी मुदत, पॉलिसीत काहीही लिहिलेलं असो. कॅमेरे फक्त हालचाल झाली की रेकॉर्ड करत असतील, तर ही मुदत दर आठवड्याला बदलते. दिवाळीत ऑफिस रिकामं असलं की लांबते, रिलीजच्या गर्दीत आखूड होते.

आता यातली गंमत बघा. आमच्या टीमचा ग्राहक जर्मनीतला आहे. त्याच्या प्रॉडक्टमध्ये वापरकर्त्याविषयीचा कुठलाही नवा कॉलम जोडायचा तर आम्हाला आधी लिहावं लागतं की ही माहिती कशासाठी घेतोय, कुठे ठेवतोय आणि किती दिवसांनी पुसणार. तिथल्या कुणाचा तरी आयपी ॲड्रेस आमच्या लॉगमध्ये ठरलेल्या तीस दिवसांपेक्षा एक दिवस जास्त राहिला तर बग नोंदवला जातो आणि तो त्याच स्प्रिंटमध्ये मिटवावा लागतो. म्हणजे हे काम आम्हाला येतं. रोज करतो, त्याचे पैसे घेतो. फक्त ज्या छताखाली बसून करतो, तिथल्या माणसांसाठी ते करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

कायदा काय म्हणतो

मला वाटलं होतं की आपल्याकडे कायदा नाही, म्हणून असं होत असेल. पण कायदा आहे. ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम’ 2023 सालचा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. आपला ओळखू येणारा चेहरा डिजिटल स्वरूपात साठवला की तो या कायद्याच्या भाषेत वैयक्तिक डेटाच.

या कायद्याच्या कलम 5 मध्ये नोटीस आहे. कुठला डेटा, कशासाठी, हक्क कसे बजवायचे आणि तक्रार कुठे करायची, हे सांगायचं. वाचून बरं वाटतं. पण ही नोटीस संमती मागताना द्यायची आहे. आणि कलम 7 मध्ये अशा कामांची यादी आहे ज्यांसाठी संमतीच लागत नाही. त्या यादीत ‘नोकरीच्या कारणांसाठी’ आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी केलेला वापर येतो. व्यापारी गुपितं, हेरगिरी वगैरे उदाहरणं दिली आहेत. शब्द सरळ वाचले तर अर्थ असा: मालकाला संमती नको, म्हणून नोटीसही नको.

पुढची साखळी जास्त वाईट आहे. आपल्याविषयी काय डेटा आहे हे मागण्याचा हक्क कलम 11 मध्ये, दुरुस्तीचा आणि पुसून घेण्याचा हक्क कलम 12 मध्ये. दोन्ही हक्क ज्याला तुम्ही संमती दिली आहे त्याच्याकडेच मागता येतात. मालकाने संमती घेतलीच नसेल तर मागायचं कुणाकडे? उरतं ते कलम 13, म्हणजे तक्रार ऐकून घेण्याची सोय. कलम 8 सांगतं की ‘विनिर्दिष्ट प्रयोजन’ संपलं की डेटा पुसा. आणि विनिर्दिष्ट प्रयोजन म्हणजे काय, तर व्याख्येनुसार, नोटिशीत लिहिलेलं प्रयोजन.

प्रोग्रामर मंडळींच्या लक्षात आलंच असेल. ज्या व्हेरिएबलला कधी किंमतच दिली नाही, ते संपलं का हे आपण विचारतोय. नोटीस नाही म्हणून लिहिलेलं प्रयोजन नाही, प्रयोजन नाही म्हणून ते कधी संपलं हे ठरत नाही, आणि ते ठरत नाही तोवर पुसण्याची तारीख नाही. म्हणून नोटीस हा माझ्या लेखी शिष्टाचाराचा भाग नाही. बाकी सगळं त्या एका कागदाला टांगलेलं आहे.

उद्या एखादा वकील म्हणेल की इतकं सरळ वाचायचं नसतं. शक्य आहे. पण मावशींकडे वकील नव्हता, भिंतीवरचा एक स्टिकर होता.

‘लपवण्यासारखं नसेल तर भीती कसली?’

हा प्रश्न मला लंच टेबलवर तीन जणांनी विचारला. उत्तर मावशींच्या प्रकरणातच आहे. लपवण्यासारखं काही नव्हतं म्हणूनच त्या पूर्ण चित्रण मागत होत्या. माझं भांडण कॅमेऱ्याशी नाहीच. रात्रपाळी संपवून पार्किंगमध्ये एकटी जाणारी माझी सहकारी कॅमेरा असल्याने निर्धास्त असते आणि ते योग्यच आहे. भांडण याचं आहे की त्या कॅमेऱ्याची कळ एकाच्याच हातात आहे आणि ती कधी, कशासाठी दाबायची यावर कसलीही लिखित मर्यादा नाही.

मर्यादा नसली की काय होतं तेही सांगतो. आमच्या पँट्रीच्या दाराशी एक कॅमेरा आहे. तो बसवला तेव्हा कारण होतं आगीच्या वेळी बाहेर पडायच्या दारावर लक्ष ठेवणं. दोन वर्षांनी एका मॅनेजरने टीम मीटिंगमध्ये कुणाचा चहा बावीस मिनिटं चालला ते सांगितलं. कॅमेरा तोच, जागा तीच, काम बदललं. कुणी खोटं बोललं नाही, कारण काम काय हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. नोटिशीत ‘सुरक्षेसाठी’ एवढंच लिहिलं तरी हे थांबत नाही. ‘सुरक्षा’ हा शब्द रबराचा आहे, चहासुद्धा त्यात बसवता येतो. म्हणून प्रयोजनाच्या ओळीत कशासाठी याच्याबरोबर कशासाठी नाही हेही हवं.

दुसरा आक्षेप येतो की जागा सांगितल्या तर चोराला कळेल. पण छताला लटकलेला पांढरा घुमट चोराला आधीच दिसतो. जागांची यादी आपल्यासाठी लागते, कारण जे दिसत नाही ते त्यात असतं: कुठला कॅमेरा आवाजही टिपतो, कुठल्या कॅमेऱ्याच्या चौकटीत कुणाची स्क्रीन येते, लॉबीतला कॅमेरा आपल्या कंपनीचा की इमारतीच्या मालकाचा.

आणि सगळ्यांत जवळचा कॅमेरा तर छताला नसतोच. कंपनीच्या लॅपटॉपवरचा मॉनिटरिंग एजंट ठरावीक मिनिटांनी स्क्रीनशॉट घेऊ शकतो, कीबोर्ड किती वेळ शांत होता ते मोजू शकतो, कुठली साइट किती वेळ उघडी होती ते लिहून ठेवू शकतो. यातलं नेमकं काय चालू आहे हे सेटिंगवर ठरतं आणि ती सेटिंग आपल्याला दिसत नाही. जॉइन होताना सही केलेल्या कागदांत ‘कंपनीला उपकरणांवर देखरेख करण्याचा अधिकार आहे’ असं एक वाक्य असतं. ते वाक्य म्हणजे लिफ्टसमोरच्या स्टिकरचाच भाऊ.

या फरकावर युरोपात एक मोठा खटला झाला. रोमानियातल्या बर्बुलेस्कू नावाच्या कर्मचाऱ्याने कंपनीच्या सांगण्यावरून ग्राहकांसाठी याहू मेसेंजरचं खातं उघडलं होतं. 2007 मध्ये कंपनीने त्याच्या गप्पा वाचल्या. त्यात भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी झालेलं बोलणंही होतं. मग त्याला काढून टाकलं. खाजगी वापर बंद आहे हे त्याला माहीत होतं. पण आपलं बोलणं वाचलं जाईल हे त्याला आधी सांगितलं होतं का? युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सप्टेंबर 2017 मध्ये निकाल त्याच्या बाजूने दिला. देखरेख होऊ शकते एवढं सांगणं पुरेसं नाही, ती कशा प्रकारची आणि किती खोलवर आहे हे आधी सांगायला हवं, हा त्या निकालातला कामाचा भाग.

मग किती दिवस?

माझा कॉलेजचा मित्र म्युनिकला असतो. त्याने त्याच्या ऑफिसच्या दारावरच्या पाटीचा फोटो पाठवला. कॅमेऱ्याचं चित्र, जबाबदार कंपनीचं नाव, कारण, संपर्क आणि मुदत: 72 तास. युरोपच्या डेटा संरक्षण मंडळाचं मार्गदर्शन असं की 72 तासांपलीकडे जितके दिवस ठेवाल, तितकं जास्त भक्कम कारण द्या. आधी मला ते भारी वाटलं. मग मावशी आठवल्या. 72 तास असते तर त्यांच्या हातात सतरा दिवसही आले नसते.

इथे मी बराच वेळ अडकलो. जास्त दिवस ठेवा म्हणावं तर चहाची मिनिटं मोजणाऱ्याच्या हातात महिन्याचा माल. कमी ठेवा म्हणावं तर आरोप झालेल्याचा पुरावा जातो. उत्तर आकड्यात नाही. ते असं आहे: मुदत आखूड ठेवा, पण ज्या दिवशी कुणाविरुद्ध चित्रण काढलं जाईल, त्याच दिवशी त्या व्यक्तीला कळवा आणि आधीचा-नंतरचा संपूर्ण भाग बाजूला गोठवून ठेवा, तक्रार निकाली निघेपर्यंत. रेकॉर्डरमध्ये त्याची सोय असते. ठरावीक चित्रण लॉक करता येतं किंवा एक्सपोर्ट करून सीलबंद ठेवता येतं. फार तर अर्ध्या तासाचं काम. सोमवारी ते केलं असतं तर एकोणिसाव्या दिवशी माझ्या ईमेलची गरजच पडली नसती.

आणि मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग बंद. डिस्कवरचं सतराव्या दिवशी पुसलं जातं, व्हॉट्सॲपवरचं राहतं. मुदतीचा नियम जर प्रतींना लागू नसेल तर मुदत फक्त गरिबाच्या पुराव्याला उरते.

मी एचआरला एक मसुदा पाठवला. एका पानाचा आहे, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. त्यातला मराठी भाग असा:

*हे कॅमेरे कुणाचे:* तिसऱ्या मजल्यावरचे 32 कॅमेरे कंपनीचे. लॉबी आणि पार्किंगमधले इमारतीच्या मालकाचे, त्यांचा संपर्क खाली.

*कशासाठी:* दारांची सुरक्षा. चोरी, मारहाण, छळ किंवा अपघाताची तक्रार आल्यास तपास. हजेरी, कामाचा वेग किंवा विश्रांतीची वेळ मोजण्यासाठी नाही.

*कुठे:* सोबतच्या नकाशावर. स्वच्छतागृहं, कपडे बदलण्याची व आरामाची खोली इथे नाहीत. आवाज रेकॉर्ड होत नाही.

*लॅपटॉपवर:* कुठल्या ॲपची कुठली नोंद घेतली जाते त्याची यादी मागच्या बाजूला. स्क्रीनशॉट घेतले जात नाहीत.

*किती दिवस:* 15 दिवस. दर महिन्याच्या 1 तारखेला सर्वांत जुनी उपलब्ध तारीख तपासून इथे लिहिली जाईल.

*कोण पाहतं:* ॲडमिनमधल्या दोन व्यक्ती. प्रत्येक वेळी कुणी, कधी, का पाहिलं याची नोंद. मोबाइलवर प्रत घेण्यास मनाई.

*तुमचा हक्क:* स्वतःचं चित्रण पाहणं, ते राखून ठेवायला सांगणं आणि तुमच्यावर कारवाई होण्याआधी संपूर्ण भाग पाहून म्हणणं मांडणं. हा हक्क कंत्राटी कर्मचारी, सुरक्षारक्षक आणि पाहुण्यांनाही आहे. अर्ज तोंडीही चालेल, उत्तर तीन कामाच्या दिवसांत मिळेल.

एचआरचं उत्तर सभ्य होतं. ‘कायदेशीर गरज काय आहे ते तपासून कळवतो.’ गरज नाही हे त्यांना वकील सांगेलच, मीच वर सांगून बसलोय. म्हणून आता मार्ग दुसरा आहे. कायद्याने मागितलं नाही ते कर्मचाऱ्यांनी मागायचं. मसुद्यावर आतापर्यंत आमच्या मजल्यावरच्या 41 जणांच्या सह्या आहेत. त्यात लंच टेबलवरचे तिघांपैकी दोघं आहेत, सुरक्षारक्षक आहेत आणि तो ॲडमिनचा माणूसही आहे. त्याने सहीखाली पेनने लिहिलंय: ‘डिस्क कमी आहेत.’

एका सहीची जागा मी मोकळी ठेवली आहे. मावशी आता कुठल्या साइटवर आहेत हे कंत्राटदार सांगत नाही. तिथे लिफ्टसमोर कुठला स्टिकर आहे, आणि त्यांच्याविषयीचे ते चाळीस सेकंद अजून कुणाच्या मोबाइलमध्ये आहेत, हे विचारायची सोय आज कुठल्याच कागदावर नाही.